शब्दांची यादी नसलेला शब्दशोध: आठ बाय आठच्या चौकटीच्या प्रकल्प नोंदी (ठाणे)

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. वेळ: १ तास १० मिनिटं. खर्च: झेरॉक्सच्या तीन प्रती, ६ रुपये.

आमच्या सोसायटीतले एक काका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी हाताने शब्दशोध तयार करतात. चौकट कागदाच्या एका बाजूला आणि शोधायच्या शब्दांची यादी मागच्या बाजूला, अशी त्यांची पद्धत. झेरॉक्स काढणाऱ्याने एकच बाजू काढली आणि मूळ कागद घेऊन काका मुलीकडे नाशिकला गेले. आईच्या हातात आलेल्या प्रतीवर यादी नाही, विषय नाही, किती शब्द आहेत तेही नाही. आईने कागद माझ्याकडे सरकवला.

यादी हातात असताना हा खेळ फक्त नजरेचा असतो. यादी नसली की आधी काय शोधायचं इथपासून सुरुवात. दुसऱ्या कोणावर ही वेळ आली तर माझा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवते आहे.

चौकट अशी आहे. ओळी वरून मोजायच्या, रकाने डावीकडून. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट. शब्द आडवे, उभे, तिरके, उलटे कसेही असू शकतात.

```
न   घो  त   र   ज   तों  ड   ली
अ   ब   सा  न   क   प   रा  म
ळ   र   ग   ळे  आ   शे  न   त्ता
कु  ख   त   ह   ळ   व   ड   प
डी  फ   सु  ट   य   गा  ळा  ढी
व   ज   र   स   ल   प   न   क
ग   म   ण   स   भो  ग   ळ   ज
द   फ   ट   र   बी  थिं  को  स
```

(ही चौकट शेवटच्या दिवशी मूळ कागदाशी ताडून इथे लिहिली. माझ्या वहीतल्या नकलेत एक घर चुकलं होतं, ते पुढे येईलच.)

पहिला तास मी सरळ वाचत गेले, आडव्या ओळी, मग उभे रकाने, मग थोडं तिरकं. तासाभरात वहीत २७ शब्द झाले आणि सगळे दोन अक्षरी: तर, साग, खत, राम, वड, नळ, रस, सण, गळ, शेव, गाळा. सगळे खरे मराठी शब्द, आणि एकाचाही दुसऱ्याशी संबंध नाही.

मग हिशेब केला. आठ बाय आठच्या चौकटीत शेजारच्या घरांच्या आडव्या जोड्या ५६, उभ्या ५६ आणि दोन्ही तिरक्या दिशांच्या मिळून ९८. एकूण २१०, आणि प्रत्येक दोन्ही बाजूंनी वाचता येते, म्हणजे ४२०. मराठीत दोन अक्षरी शब्द इतके आहेत की ४२० जोड्यांत पंचवीस-तीस आपोआपच निघणार. तीन घरांची वाचनं ३३६ होतात. हा आकडा फार कमी नाही, पण त्यातली शब्द ठरणारी फारच थोडी. तेव्हा नियम ठरवला: तीन घरांपेक्षा लहान काहीही धरायचं नाही. २७ शब्दांवर काट मारली. (दोन अक्षरी शब्दांच्या मोहात मी पुढे पुन्हा पडले.)

रविवार, २ नोव्हेंबर. वेळ: २ तास. खर्च: आलेखाची वही आणि तीन रंगांची पेनं, ७५ रुपये.

इंग्रजी शब्दशोध मी ऑफिसच्या वाटेवर बरेच सोडवलेत. तिथे ठरलेली चाल आहे. क्यू, जे, एक्स, झेड ही इंग्रजीत सगळ्यात कमी येणारी अक्षरं आधी हेरायची. क्यू दिसला की शेजारी यू आहे का बघायचं, कारण ती जोडी जवळजवळ सुटतच नाही. मग टी-एच, सी-के अशा नेहमीच्या जोड्या.

तीच चाल इथे लावायला गेले आणि अडले. देवनागरीच्या चौकटीत स्वर वेगळ्या घरात नसतो, व्यंजनाच्या अंगावर असतो. त्यामुळे 'क्यूच्या मागे यू' अशी पक्की जोडी शोधण्यात अर्थ नाही. उलट एकेक घरच इंग्रजीतल्या जोडीएवढं बोलतं. 'थिं' या एका घरात व्यंजन, स्वर आणि अनुस्वार तिन्ही आहेत. म्हणून कोणतं व्यंजन दुर्मीळ हे बघण्याआधी कोणतं घर दुर्मीळ ते बघायचं ठरवलं.

फिकट झेरॉक्सवर काही दिसेना, म्हणून चौकट आलेखाच्या वहीत मोठ्या अक्षरांत उतरवली आणि मोजदाद केली. ६४ पैकी ४४ घरं मोकळ्या अक्षरांची, म्हणजे नुसती न, र, ज, प अशी. १८ घरांना काना-मात्रा काहीतरी आहे. दोन घरांत सुटे स्वर, अ आणि आ. काकांनी हाताने चौकट भरली आहे. हाताने भरताना रिकाम्या घरांत माणूस मोकळी अक्षरंच टाकतो, मात्रा द्यायचा कंटाळा करतो. तसं असेल तर मात्रेची घरं बहुतेक शब्दांचीच असणार. हा अंदाज होता, पण त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं.

सगळ्यात दुर्मीळ घर त्ता. चौकटीतलं एकमेव जोडाक्षर. ते उजव्या कडेला असल्याने त्याला आठ नाही, पाचच शेजारी: रा, म, न, ड, प. 'त्ता'ने सुरू होणारा शब्द मला सुचत नाही, म्हणजे त्याच्या आधी काहीतरी हवं. रात्ता, मत्ता, नत्ता, डत्ता, पत्ता. पत्ता! लगेच लाल पेनाने गोल केला. तीन घरांचा नियम होता, पण जोडाक्षर इतकं दुर्मीळ की हा योगायोग नसणार, असं म्हणून अपवाद केला. योगायोग नव्हता हे खरंच, पण त्या गोलामुळे पुढचे चार दिवस मी त्या कोपऱ्याकडे पुन्हा पाहिलंच नाही.

नंतर ण. सातव्या ओळीत एकच आहे. मराठी शब्दाची सुरुवात ण किंवा ळ ने होत नाही, हा या खेळातला सगळ्यात उपयोगाचा नियम. ण दिसला की तो शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी, म्हणजे आधीचं अक्षर असायलाच हवं. पण इथेही मी आधी चुकीच्या पद्धतीने गेले. आठ शेजारी घेऊन प्रत्येकाची ण शी जोडी लावली. जण, मण, रण, सण, सगळंच जमतं. 'सण' आणि वरचा 'राम' धरून हा सणावारांचा शब्दशोध असेल अशी कल्पनाही करून बसले. अर्धा तास गेला.

मग शेजारी सोडून रेषा घेतल्या. मधल्या घरातून चारच रेषा जातात: एक आडवी, एक उभी, दोन तिरक्या. प्रत्येक रेषेवर ण च्या दोन्ही अंगांची घरं एकदम वाचायची. आडवी रेषा: म-ण-स, उलटी स-ण-म. काही नाही. डावीकडून खाली जाणारी: ज-ण-र. नाही. उभी: सु-र-ण. सुरण! खालून वर जाणारी तिरकी: फ-ण-स. फणस!

एका ण वर दोन शब्द, आणि दोन्ही मंडईतले. विषय हातात आला असं वाटलं, पण दोन शब्दांवर विषय ठरवायचा नाही म्हणून पेन्सिलीने कोपऱ्यात नुसतं 'भाजी?' लिहिलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर. वेळ: जाताना आणि येताना मिळून साधारण ५० मिनिटं.

ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी, त्यात अर्धा तास. ऐरोलीनंतर बसायला मिळालं आणि वही उघडली.

आज ळ. चौकटीत ळ पाच घरांत आहे: तीन मोकळे ळ, एक ळे, एक ळा. चौथ्या ओळीतला ळ आधी घेतला, कारण त्याच्या शेजारी व आहे आणि 'वळ' ही शेपूट मराठीत फार सापडते. शेपूट मिळाली की तिच्या मागे एकेक घर सरकायचं: व-ळ, ड-व-ळ, प-ड-व-ळ. पडवळ. उजवीकडून डावीकडे, उलटा लिहिलेला. रबाळे यायच्या आत झाला.

मग ळा, पाचवी ओळ. इथे पहिल्या दिवशी काट मारलेला 'गाळा' पुन्हा समोर आला. भाजीच्या विषयात मंडईतला गाळा इतका चपखल बसत होता की मी तो परत जिवंत केला, निळ्या रंगाने गोलही केला. येताना मात्र खटकत राहिलं. रेषेवर गाळाच्या मागे य, पुढे ढी. दोन्हीकडे वाढत नाही. आणि त्याने गा आणि ळा अशी मात्रेची दोन घरं एकदम गिळली. मात्रेची घरंच जर खुणेची, तर दोन खुणा मिळून दोन अक्षरी शब्द हा फारच महागाचा सौदा झाला. म्हणून गाळा बाजूला ठेवून ळा च्या बाकीच्या रेषा वाचल्या.

डावीकडून वरून येणारी तिरकी रेषा: व-ळा, तिच्या मागे आ. आवळा. डावीकडून खालून येणारी: प-ळा, मागे भो. भोपळा. दोन्ही शब्द त्याच ळा वर संपतात. गाळाचा गोल खोडला. त्यातून मोकळा झालेला गा आता एकटा पडला होता. त्याच्या वर व, त्याच्याही वर शे: शेवगा. चौथ्या ओळीतला तो एक व तीन शब्दांत आहे, पडवळ, आवळा आणि शेवगा. नुसता व बघून यातलं काहीच कळलं नसतं. ळ आणि गा कडून मागे आलं तरच ते दिसतं.

घरी आल्यावर नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: शेपूट सापडली की मागे सरकत राहायचं, आणि शब्द जमला तरी दोन्ही टोकांना आणखी एकेक घर वाचल्याशिवाय गोल करायचा नाही. पत्त्याचा गोल तसाच राहिला होता, तेव्हा तो नियम त्याला लावायचं डोक्यात आलं नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. वेळ: २५ मिनिटं, त्यातली १५ आईशी बोलण्यात.

सुटे स्वर. आई, मुंबई, पाऊस यांसारख्या शब्दांतले ई-ऊ सोडा, पण अ आणि आ सुटे दिसले की ते बहुधा शब्दाचं तोंड असतं. आ आवळ्यात गेला. राहिला दुसऱ्या ओळीतला, डाव्या कडेचा अ. इथून उलट काम: मागे सरकायचं नाही, पुढे जायचं. उजवीकडे अ-ब-सा, नाही. तिरकं अ-र-त, नाही. खाली अ-ळ, पुढे कु, पुढे डी.

अळकुडी. मी दोनदा वाचलं आणि सोडून दिलं. असा शब्द मला माहीत नव्हता. अळू माहीत, अळूवडी माहीत. त्या रेषेवर अळ पाशी थांबून 'अळी'चा काहीतरी शब्द असेल म्हणून आजूबाजूला ळी शोधत बसले. चौकटीत ळी नाहीच.

जेवताना आईला विचारलं, "आई, अळकुडी असं काही असतं का गं?"

"असतं म्हणजे? अळवाचे कंद ते. जांभळी नाक्यावर मिळतात की. उकडून सोलायला घेतल्या की नुसत्या हातातून सुळकन निसटतात. तू लहानपणी खाल्ल्यायत."

"मला अरवी माहीत होतं."

"अरवी तीच. आपल्याकडे अळकुडी म्हणतात."

या पद्धतीची मर्यादा इथे कळली. दुर्मीळ घर आणि शेपूट तुम्हाला रेषेपर्यंत नेते. रेषेवर लिहिलेला शब्द ओळखायला तो कधीतरी कानावर पडलेला असावा लागतो. आता मला न कळणारी, पण खुणेची दोन-तीन घरं सलग असलेली रेषा दिसली की मी ती 'नाही' म्हणून खोडत नाही, वेगळ्या पानावर लिहून ठेवते आणि संध्याकाळी आईला वाचून दाखवते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. वेळ: दीड तास, सगळा एकाच घरापायी.

उरलेल्या मात्रेच्या घरांची यादी केली. तों, ली, सा, रा, ळे, ढी, बी, थिं, को. यात 'धो' नाही, कारण पहिल्या ओळीत धो-त-र, धोतर, मी रविवारीच हिरव्या पेनाने गोल केला होता. तीन घरं, आडवा, सरळ, नियमात बसणारा. भाजीत धोतर कसं, हा प्रश्न पडला होता, पण काकांनी गंमत म्हणून एखादा वेगळा शब्द टाकला असेल असं धरून चालले होते.

सोपं आधी उरकलं. थिं अक्षर असलेले शब्द मोजकेच. आठवी ओळ उजवीकडून: को-थिं-बी-र. तों चं तर वाचताच झालं: तों-ड-ली, पहिल्या ओळीचं शेवट.

मग फ. मराठीत फ कमी येतो आणि चौकटीत दोन आहेत. एक फणसात गेला. दुसरा पाचव्या ओळीत, मोकळा असूनही मी त्याला खुणेचं घर मानलं. तिरकं खाली: फ-र-स-बी. फरसबी, कोथिंबिरीच्याच बी वर संपणारी.

राहिले सा आणि ळे. ळे वर शब्द संपतो हे जवळजवळ नक्की: रताळे, केळे, आवळे, अशी ओळखीची शेपूट. ळे च्या रेषांवर ग-ळे, क-ळे, सा-ळे. गळे आणि कळे दोन्ही मागे वाढत नाहीत. सा-ळे च्या मागे तिरक्या रेषेवर धो. धोसाळे.

इथे मी तासभर अडले. 'मसाले' चुकून लिहिलं असेल का, 'साळे' म्हणजे काही असतं का, रेषा पलीकडे वाढते का, सगळं करून पाहिलं. पलीकडे ळ, गा, न, ज. काही नाही. शेवटी आईला वहीतून वाचून दाखवलं, "धोसाळे." ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "घोसाळे असेल. नीट बघ."

मूळ झेरॉक्स काढली, खिडकीपाशी भिंगाखाली धरली. घ आणि ध मधला फरक डोक्यावरच्या रेघेत असतो. घ ची शिरोरेघ सलग असते. ध च्या डाव्या बाजूला ती तुटलेली असते आणि तिथे अक्षराचं टोक गाठीसारखं आत वळतं. भ आणि म चंही तसंच: म ची रेघ सलग, भ ची डावीकडे तुटलेली. फिकट प्रतीत शिरोरेघ जागोजाग उडालेली होती, त्यामुळे घ ची सलग रेघही मला तुटलेली दिसली आणि वहीत ध उतरला. तिथून धोतर तयार झालं. त आणि र ही नुसती भरतीची घरं होती.

एका अक्षराच्या नकलेत एक खरा शब्द लपला आणि एक खोटा उभा राहिला. त्यानंतर सगळी ६४ घरं मूळ झेरॉक्सशी पुन्हा ताडली, खास करून भो, म, म आणि घो. बाकी बरोबर निघालं. हे काम रविवारी दहा मिनिटांत झालं असतं.

घो दुरुस्त झाल्यावर खुणेची दोनच घरं उरली: रा आणि ढी. ढी उजव्या कडेला, पाचवी ओळ. ढ तर मराठीत फारच कमी. शेजारी ड, प, ळा, न, क. कढी! क खाली, ढी वर. दोन घरं, मागच्यासारखाच मोह. पण या वेळी वहीचं पहिलं पान आठवलं आणि त्याच रेषेवर आणखी एक घर वर गेले. प. आणखी एक. त्ता.

क-ढी-प-त्ता. रविवारचा पत्ता हा त्याच शब्दाचा वरचा अर्धा तुकडा होता. मी पत्ता मिळाल्यावर मागे एक घर सरकले असते, तर ढी तिथेच दिसली असती. लाल गोल व्हाइटनरने पुसून पूर्ण रेषा काढली.

शनिवार, ८ नोव्हेंबर. वेळ: ४० मिनिटं.

यादी नसताना 'संपलं' कधी म्हणायचं, हा शेवटचा प्रश्न. मी याचं उत्तर असं ठेवलं: मात्रेचं, सुट्या स्वराचं आणि ळ-ण चं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या शब्दात गेलं पाहिजे. मोकळ्या अक्षरांची पर्वा नाही.

शब्द झाले बारा: सुरण, फणस, पडवळ, आवळा, भोपळा, शेवगा, अळकुडी, कोथिंबीर, तोंडली, फरसबी, घोसाळे, कढीपत्ता. अक्षरं ४१, पण सामाईक घरं धरून चौकटीतली ३४ घरं वापरली गेली. ३० उरली. त्या ३० मध्ये मात्रेचं घर फक्त एक, दुसऱ्या ओळीतला रा. त्याच्या चारही रेषा पुन्हा वाचल्या: राम, रान, राप, आणखी पुढे काही नाही.

ळ पैकी एक उरला, सातव्या ओळीतला. त्याच्या रेषांवर नळ, गळ, कळ हे सगळे दोन अक्षरी. आणि एका तिरक्या रेषेवर प-ळ-स. पळस. तीन घरं, ळ मध्ये, खरा शब्द. प भोपळ्याचा, स अगदी कोपऱ्यातला. नियमाने बसतो, विषयाने बसत नाही. पळस झाड आहे, भाजी नाही. त्याच्या पानांच्या पत्रावळी होतात, एवढाच काय तो जेवणाशी संबंध. दोन टोकांना वाढवून पाहिला: एका बाजूला य, दुसऱ्या बाजूला चौकट संपते. कागदावरून याचा निकाल लावणं मला जमलं नाही. पेन्सिलीने तुटक रेघ काढून ठेवली.

संध्याकाळी काका नाशिकहून आले. चहाला बोलावलं, वही पुढे ठेवली. त्यांनी मूळ कागद उलटा केला. बारा शब्द, तेच.

"आणि काका, हा पळस?"

त्यांनी चष्मा वर सारला आणि बोटाने रेषा तपासली. "हा मी टाकला नाही गं. इथे ळ मी मुद्दाम टाकला होता, की कुणीतरी नळ, गळ करत बसावं. पण पळस झालाय हे मला आत्ता कळतंय."

"आणि रा?"

"तोही फसवायलाच. राम दिसतो ना लगेच."

म्हणजे भरतीच्या ३० घरांत त्यांनी खुणेसारखी दिसणारी दोनच घरं टाकली होती आणि बाकी २८ साधी मोकळी अक्षरं. माझा रविवारचा अंदाज त्यामुळेच टिकला. ते मी त्यांना सांगितलं, आणि मात्रांच्या जागांवरून दिसलेली आणखी एक गोष्टही: घो, तों, भो, को ही ओ-मात्रेची चारही घरं शब्दाच्या तोंडाशी होती, आणि ली, डी, ळा, ळे, गा, त्ता ही सगळी शेपटाला. म्हणजे मात्रा नुसती 'इथे शब्द आहे' एवढंच सांगत नव्हती, रेषा कुठून कुठे वाचायची तेही सांगत होती. हे मला आधी दिसलं असतं, तर को पासून सुरुवात करून कोथिंबीर पहिल्याच दिवशी मिळाली असती.

काका बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, "मग पुढच्या वेळी भरतीलाही मात्रा देतो सगळीकडे. दहा बाय दहा करतो. यादी तुला देणार नाही, बघ जमतं का."

नवा कागद पुढच्या रविवारी येणार आहे. त्यात मात्रेची घरं मोजून उपयोग नाही. ण, ळ, जोडाक्षरं आणि शेपट्या एवढंच हातात राहील, आणि सगळ्यात आधी, पेन हातात घेण्यापूर्वी, घ-ध आणि भ-म मूळ कागदावर भिंगाने तपासायचे.